टीसीवरचं गाव: खानापूरच्या पश्चिम भागातलं एक प्रकरण

जून 2023 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या हायस्कूलमधून नववीच्या एका मुलीचे वडील तिची टीसी घेऊन गेले. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘पुढील शिक्षणासाठी चंदगड तालुक्यात’. तिथं, हद्दीपलीकडं महाराष्ट्रात, तिची आत्या राहते. वहीवर सही झाली, शिक्का बसला, आणि हजेरीपटावरून तिचं नाव निघालं. तिची वर्गशिक्षिका मीच होते. आत्याकडं राहून शिकेल, पावसात रोजचं चालणं वाचेल, असं मलाही वाटलं होतं.

फेब्रुवारी 2024 मध्ये गावच्या जत्रेत ती दिसली. कोणत्या हायस्कूलला आहेस, असं विचारलं तर खाली बघून हसली. तिच्या उजव्या हाताची बोटं टोकाला काळपट झाली होती, अंगठ्याची कातडी सोलवटलेली होती. काजूच्या टरफलातल्या तेलानं हात असा भाजतो. “काजू फोडतो की बाई मी, आत्याच्या संगं,” ती म्हणाली. चंदगड भागात काजूच्या फॅक्टऱ्या पुष्कळ आहेत. आठ महिन्यांत तिनं तिथल्या शाळेचा उंबराही ओलांडला नव्हता. आमच्या कागदावर ती दुसऱ्या शाळेत गेलेली विद्यार्थिनी होती, आणि तिथल्या कागदावर ती कधी आलेलीच नव्हती.

या एका मुलीचं प्रकरण इथं सविस्तर मांडते. बेळगाव सीमाभागात माध्यमिक शाळेतून मुली कशा गळतात, हे मला कुठल्याही अहवालापेक्षा तिच्या हजेरीपटावरून जास्त कळलं.

आधी आकड्यांबद्दल थोडं. केंद्र सरकारच्या यूडायस प्लसच्या 2021-22 च्या आकडेवारीत माध्यमिक स्तरावर देशातल्या मुलींची गळती 12.3 टक्के आणि मुलांची 13 टक्के आहे. म्हणजे कागदावर मुलीच थोड्या जास्त टिकतात. हे खोटं नाही. आमच्या वर्गातही नापास होऊन गवंडीकामाला किंवा गोव्याला हॉटेलात जाणारे मुलगे बरेच असतात. फरक असा की मुलगा शाळा सोडतो ते सगळ्यांना दिसतं. मुलगी मात्र मामाकडं, आत्याकडं, थोरल्या बहिणीकडं ‘शिकायला’ जाते, आणि इथं ते घर बरेचदा राज्याच्या हद्दीपलीकडं असतं. कर्नाटकात विद्यार्थ्याची नोंद एसएटीएस या प्रणालीत होते, महाराष्ट्रात ‘सरल’मध्ये. एका प्रणालीतून बाहेर पडलेली मुलगी दुसरीत शिरली का, हे कुणीतरी मुद्दाम फोन करून विचारल्याशिवाय आमच्या शाळेला कळत नाही. त्यात कर्नाटकातल्या शाळा जूनच्या सुरुवातीला उघडतात आणि महाराष्ट्रातल्या साधारण जूनच्या मध्यावर. “तिकडं अजून शाळा सुरू व्हायच्या आहेत” हे उत्तर टीसी नेताना खरं असतं, आणि नंतर पुन्हा कुणी विचारत नाही.

जत्रेहून परतल्यावर मी तिचा आठवीचा, म्हणजे 2022-23 चा हजेरीपट काढून बसले.

तिची वाडी जंगलाच्या कडेला आहे. गावातली शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल 9 किलोमीटरवर. वाडीपासून बस थांबते तिथपर्यंत 3 किलोमीटर पायवाट, आणि मध्ये एक नाला. उन्हाळ्यात तो दगडांवरून उड्या मारत ओलांडता येतो. जुलैत कमरेएवढं पाणी असतं आणि साकव अजून झालेला नाही. पहाटे वाटेवर गवे असतात, अस्वलाची भीती वेगळीच. म्हणून पोरी एकत्र निघतात. त्या वर्षी वाडीतून हायस्कूलला येणाऱ्या तिघी होत्या. त्यातली एक आजारी पडली की बाकी दोघींचाही दिवस बुडायचा.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शाळेचे 94 दिवस झाले, त्यात ती 41 दिवस गैरहजर होती. तिची आई, तिच्या बरोबरच्या मुली आणि बसचे वाहक यांना विचारून मी एकेका दिवसाचं कारण लिहीत गेले. आठवून सांगितलेलं सगळं नेमकं असेल असं नाही, पण चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालं. 19 दिवस नाला भरलेला होता किंवा बस आली नव्हती. 12 दिवस भाताची लावण आणि नंतर आईचा ताप, धाकटा भाऊ सांभाळायला घरी कुणी नव्हतं. 4 दिवस पाळीचे. उरलेले 6 दिवस कुणालाच आठवेनात. पाऊस नव्हता, बस आली होती, घरात काम नव्हतं. मी चाचण्यांची वही शेजारी ठेवली. सहाही दिवस 15 ऑगस्टच्या नंतरचे होते आणि त्यातल्या पाच दिवशी गणिताची किंवा कन्नडची चाचणी होती.

हे सहा दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. पहिले 19 दिवस पावसानं बुडवले, त्यावर लावणीचे 12 चढले, आणि मग पोरगी शाळेत येऊनही काय चाललंय ते न समजण्याच्या अवस्थेला पोचली. बीजगणिताची ओळख जुलैत झाली होती, तेव्हा ती वाडीत अडकलेली. सप्टेंबरात समीकरणं आली तेव्हा ‘क्ष म्हणजे काय’ इथंच तिचं अडलेलं. वर्गात उभं राहून हसं करून घेण्यापेक्षा घरी राहणं तिनं निवडलं. शाळा सोडायचं तेव्हा घरात कुणीच ठरवलेलं नव्हतं. तिच्या वडिलांना विचारलं तर म्हणाले, “तिचं अभ्यासात लक्षच नव्हतं ओ बाई.” ते खोटं बोलत नव्हते, त्यांना दिसलं ते तेवढंच होतं. सर्वेक्षणाला येणारा माणूस हेच उत्तर लिहून घेतो, आणि तक्त्यात ‘शिक्षणात रस नाही’ या ओळीत एक आकडा वाढतो.

भाषेचाही यात मोठा भाग आहे. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं, घरची आणि प्राथमिक शाळेची भाषा मराठी. आमचं हायस्कूल मराठी माध्यमाचं आहे, पण काही गावांना जवळचं हायस्कूल कन्नड माध्यमाचं पडतं, तिथल्या मुलींना आठवीत विज्ञान आणि समाज कन्नडमध्ये वाचावं लागतं. मराठी माध्यमातही कन्नड विषय सुटत नाही, एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्ड परीक्षेला, तो असतोच. घरात, वाडीत, बाजारात कन्नड कानावर न पडणाऱ्या मुलीला तो विषय फक्त वर्गातूनच मिळणार. 41 दिवस वर्गच बुडाला तर तो मिळवायला दुसरी जागा नाही. मुलगे बेळगावला कामाला जातात, क्रिकेटच्या स्पर्धांना फिरतात, कन्नड उचलतात. मुलींना ती मोकळीक नसते. त्यात मराठी माध्यमाच्या रिकाम्या जागा वेळेवर भरल्या जात नाहीत. जूनमध्ये अतिथी शिक्षकाची वाट बघण्यातच कितीतरी तास जातात, आणि नेमक्या त्याच काळात या मुलीही गैरहजर असतात.

आता जी गोष्ट लिहिते आहे ती आमच्याच चुकीची आहे. शाळा साडेचारला सुटायची आणि तिची परतीची बस सव्वाचारला होती. पुढची बस सहाला, म्हणजे अंधारात 3 किलोमीटर जंगलवाट. साहजिकच वाडीच्या मुली चारलाच दप्तर उचलायच्या आणि आम्ही त्यांना सोडायचो. वेळापत्रकात शेवटचा तास गणिताचा होता, माझा. म्हणजे ज्या दिवशी ती हजर होती त्या दिवशीही गणिताचा तास तिला निम्माच मिळत होता. हजेरीपटावर ती पूर्ण हजर दिसते. चार वर्षं मी तो तास घेत होते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

एप्रिलमध्ये ती नववीत गेली. जूनमध्ये आत्या आली, म्हणाली माझ्याकडं हायस्कूल घरापासून दहा मिनिटांवर आहे. आईला पटलं. आत्याचा हेतू वाईट होता असं मला आजही वाटत नाही. पण तिथं टीसी शाळेत द्यायला गेलं कोण? आत्या सकाळी आठला कामाला जायची. मुलगी आठवडाभर घरी बसली, मग आत्याबरोबर जाऊ लागली, आणि पहिल्या पगारातून आईला साडी आली. शिक्षण हक्काचा कायदा 6 ते 14 वयापुरता, आठवीपर्यंतचा. ती नववीची, चौदा पूर्ण केलेली. आठवीपर्यंत सलग 7 दिवस गैरहजर राहिलं तर शाळेनं पालकांना गाठायचं असतं. नववीला तेवढाही धागा उरत नाही.

लग्नाची बोलणी अजून सुरू झाली नव्हती, पण आणखी वर्षभरात ती झाली असती हे तिची आईच म्हणाली. घरी बसलेली पोर म्हणजे लोक विचारायला लागतात. आमच्याकडं बरेच जण क्रम उलटा सांगतात, लग्नासाठी शाळा सुटली म्हणतात. मी पाहिलेल्या बहुतेक मुलींची शाळा आधी सुटली, लग्न नंतर ठरलं. इथं हद्दीचा आणखी एक परिणाम आहे. कर्नाटकानं 2016 ची दुरुस्ती करून बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवला. महाराष्ट्रात केंद्राचा 2006 चा कायदा चालतो. त्यात असा विवाह बहुतेक वेळा ज्या व्यक्तीचं लहानपणी लग्न झालं तिनं मागितल्यावरच रद्द होतो. गावात ग्रामपंचायतीचे अधिकारी असलेले पीडीओ किंवा अंगणवाडीच्या ताई लग्न थांबवतील अशी कुणकुण लागली की मांडव पलीकडं नातेवाइकाकडं पडतो. 1098 वर फोन करणाऱ्यानं त्यामुळं लग्न कुठं आहे, कोणत्या तालुक्यात, हे आधी विचारून मगच सांगावं. नाहीतर इथले अधिकारी इथल्या रिकाम्या अंगणात जाऊन येतात.

मार्च 2024 मध्ये मी, आमचे मुख्याध्यापक आणि आसपासच्या शाळांचं काम बघणारे सीआरपी तिच्या घरी गेलो. पहिल्यांदा आम्ही नेहमीसारखंच बोललो, मुलगी शिकली पाहिजे वगैरे. आईनं चहा दिला आणि म्हणाली, “पाठवायचं न्हाई असं न्हाई ओ बाई. खरं वाटंत नाला हाय, तेचं काय करताय सांगा.” याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. आम्ही परत आलो.

नुसतं मन वळवून किती साधतं, याबद्दल शेजारच्या जिल्ह्यांतला एक मोठा पुरावा आहे. विजयपूर आणि बागलकोट जिल्ह्यांत साधारण 2014 ते 2017 या काळात ‘समता’ नावाचा प्रयोग झाला. अनुसूचित जाती-जमातींच्या किशोरवयीन मुलींसाठी गावोगाव घरभेटी, मुलींचे गट, मुलग्यांशी आणि शिक्षकांशी बोलणं, असं बरंच काम मन लावून झालं. काही गावांत कार्यक्रम, काही गावांत नाही, अशी तुलना काटेकोरपणे केली. एकूण हिशेबात दोन्हीकडच्या गावांत माध्यमिक शाळा पूर्ण करण्यात किंवा बालविवाहात ठळक फरक आढळला नाही. त्या काळात सगळीकडंच मुलींचं शिक्षण वाढत होतं, हेही त्यामागं होतं. म्हणून घरभेटी निरुपयोगी ठरत नाहीत. आई जेव्हा नाल्याबद्दल विचारते तेव्हा भेटीला गेलेल्या माणसाच्या हातात काहीतरी असावं लागतं, एवढा अर्थ मी त्यातून घेतला.

दुसऱ्या बाजूचा पुरावा बिहारचा. तिथं 2006 पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले गेले, आणि मुरलीधरन व प्रकाश या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतली मुलींची पटनोंदणी सुमारे 30 टक्क्यांनी वाढलेली दिसली. हायस्कूल 3 किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत परिणाम सर्वांत जास्त होता. कर्नाटकही 2006-07 पासून आठवीच्या मुलामुलींना सायकल देत होतं, कोविडपासून ती योजना थांबली. चिकोडी, अथणी, निपाणीच्या सपाट उसाच्या मुलखात ती परत यावी असं मला मनापासून वाटतं. आमच्या वाडीच्या चढउताराला आणि नाल्याला सायकल चालत नाही. उपाय जागेप्रमाणं बदलतो, आणि निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यातल्या मुलीचं कारण आमच्या मुलीच्या कारणासारखं असेलच असं नाही.

मग आम्ही केलं ते असं.

हायस्कूलच्या गावात जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांसाठी एक खोली भाड्यानं घेतली, महिना 1500 रुपये. आम्ही तिला पावसाळी खोलीच म्हणतो. भाडं माजी विद्यार्थ्यांनी दिलं. तांदूळ, नाचणी, कडधान्य घरोघरून आलं. वाडीतली एक विधवा आजी मुलींबरोबर राहायला तयार झाली, आणि खरं सांगायचं तर सगळा डोलारा तिच्यावरच उभा राहिला. ती नसती तर एकाही बापानं मुलगी ठेवली नसती. पहिल्या वर्षी, 2024 मध्ये, दोन वाड्यांच्या मिळून पाच मुली राहिल्या. दर शनिवारी दुपारी पाऊस बघून घरी, सोमवारी परत. सरकारी वसतिगृह का नाही, असं पुष्कळ जण विचारतात. अर्ज आम्ही केले होते. पण जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल कार्यालयातून, मिळेपर्यंत जुलै उजाडला, आणि मिळाली असती ती जागा तालुक्याच्या गावी होती, म्हणजे शाळा आणि बहुधा माध्यमही बदलावं लागलं असतं. आता हे दाखले आम्ही फेब्रुवारीतच, सातवीत असतानाच काढून ठेवायला सांगतो. शिवाय या आयांना मुलगी वर्षभर लांब नको असते, पण पावसाचे तीन महिने त्या कबूल होतात.

बसचं काम सोपं झालं नाही, पण झालं. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत महिलांना राज्याच्या बसमधून मोफत प्रवास आहे, त्यामुळं तिकिटाच्या पैशाचा प्रश्न मिटला होता. उरला होता तो वेळेचा. या योजनेत वाहक शून्य रुपयांचं तिकीट देतो आणि त्यावरूनच महामंडळाला सरकारकडून पैसे मिळतात. मुली ओळखीच्या म्हणून तिकीट न घेताच बसायच्या, म्हणजे डेपोच्या हिशेबात त्या थांब्यावर चढणारं कुणी नव्हतंच. सगळ्यांनी कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र दाखवून रोज तिकीट घ्यायचं असं ठरवलं. दोन महिन्यांची तिकिटं एका वहीत चिकटवली आणि ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत डेपोत दिली. बस पावणेपाचला सुटू लागली. मीही गणित शेवटच्या तासावरून तिसऱ्या तासावर आणलं. त्याला कुणाची परवानगी लागली नाही, फक्त इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

टीसीच्या बाबतीत आता आम्ही एक नियम पाळतो. टीसी अडवायचा आम्हाला अधिकार नाही, आणि अडवूही नये. पण टीसी नेताना पुढच्या शाळेचं नाव आणि मुख्याध्यापकांचा फोन लिहून घेतो, आणि 15 जुलैला, म्हणजे दोन्हीकडच्या शाळा चालू झाल्यावर, तिथं फोन करतो. 2025 च्या जूनमध्ये चार मुलींच्या टीसी गेल्या. तिघी तिथं हजर होत्या. चौथीचं नाव तिथं कुणी ऐकलंही नव्हतं. तिच्या घरी आम्ही त्याच आठवड्यात पोचलो, आठ महिन्यांनी नाही.

काजू फोडणारी ती मुलगी जून 2024 मध्ये परत आली. एसएटीएसमध्ये तिचं नाव टीसीनं बाहेर गेलेलं असल्यानं ते परत घ्यायला तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या, म्हणजे बीईओ कार्यालयात तीन खेपा घालाव्या लागल्या. ती पुन्हा नववीतच बसली, वर्गात सगळ्यांपेक्षा एक वर्षानं मोठी, आणि पहिले पंधरा दिवस कुणाशी बोलली नाही. पावसाळी खोलीत संध्याकाळी एक तास कन्नड व्हायचं. शिकवायला शेजारच्या घरातली पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, मुलगी यायची, तिची घरची भाषा कन्नड. त्या वर्षी जून ते सप्टेंबर तिची गैरहजेरी 9 दिवस होती.

पाचही जणी टिकल्या असं नाही. एकीच्या वडिलांनी ऑगस्टमध्ये तिला परत नेलं, खोलीसमोरच्या पानपट्टीवर पोरं बसतात म्हणून. आम्ही खोली बदलायला तयार होतो, ते ऐकायला तयार नव्हते. दुसरी नववी झाल्यावर थांबली, तिच्या आईला अर्धांगवायू झाला होता आणि घरात दुसरी बाई नव्हती. त्या घरासाठी आमच्याकडं काहीच नव्हतं, आजही नाही. सर्वांत मोठी होती ती 2025 च्या एसएसएलसीला बसली, पहिल्या परीक्षेत कन्नडमध्ये राहिली. पूर्वी अशी मुलगी तिथंच संपायची. त्याच वर्षात पुन्हा परीक्षा मात्र देता येते. निकालाच्या दिवशीच फॉर्म भरायला आम्ही तिच्या वाडीत गेलो, कारण दोन-चार दिवस गेले की घर दुसरं काही ठरवतं. दुसऱ्या परीक्षेत ती पास झाली.

आमची मुलगी सध्या दहावीत आहे. यंदाही पावसाळ्यात ती खोलीत राहिली, आणि आठवीतल्या दोघी नव्या मुलींना रात्री गणित तीच सांगायची. आजीच्या गुडघ्यांनी आता दगा दिलाय, पुढच्या जुलैत मुलींबरोबर कोण राहणार ते अजून ठरलेलं नाही. साकवाचा अर्ज पंचायतीत आहे.